रेक्टरबाईंची सही आणि नववा प्रश्न

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात संशोधनपद्धतीवर कार्यशाळा झाली आणि दुपारच्या सत्रात, अपेक्षेप्रमाणे, माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा विषय निघाला. समाजकार्य शिकवणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, की आम्ही कोणाला सुई टोचत नाही, कोणाचे रक्त काढत नाही, चार प्रश्न विचारतो. त्याला परवानगी कसली? त्यावर एका तरुण प्राध्यापिकेचे उत्तर असे, की सर, हल्ली जर्नलवाले मंजुरीचा क्रमांक मागतात, नसला तर पेपर परत येतो. पुढचा पाऊण तास जो वाद रंगला तो या दोन वाक्यांभोवतीच फिरला. रक्त निघत नाही म्हणून इजा होत नाही, ही एका बाजूची समजूत होती. क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले, ही दुसऱ्या बाजूची. ज्याला प्रश्न विचारायचे त्या माणसाचे नाव मात्र त्या पाऊण तासात कोणीही काढले नाही.

मी व्यवसायाने वकील आहे आणि गेली काही वर्षे एका संस्थेच्या नीतिसमितीवर बाहेरची, कायदा जाणणारी सदस्य म्हणून बसते. माझे मत आधीच सांगते. विद्यार्थ्याच्या संशोधनाला मंजुरी लागते की नाही, हे सुई आणि रक्त यांवर ठरत नाही. आपण कोणाला विचारतो, काय विचारतो, समोरच्याला ‘नाही’ म्हणता येते का आणि उत्तर कोणाचे हे पुढे कोणाला ओळखता येईल का, या चार गोष्टींवर ते ठरते. आणि मंजुरी लागत असेल तर ती पहिला प्रश्न विचारण्याआधीच लागते, कारण समितीच्या हाती जे काही सुधारण्यासारखे असते ते तोवरच असते.

हे एका प्रकरणावरून सांगणे सोपे जाईल. त्यातली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा विषय होता वसतिगृहात राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलींमधील नैराश्य. तिने पीएचक्यू-९ ही जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेतली, गुगल फॉर्म तयार केला, वर वय, इयत्ता, तालुका, जातप्रवर्ग आणि पालकांचा व्यवसाय अशी माहिती मागितली, संस्थेच्या प्राचार्यांकडून परवानगीचे पत्र घेतले आणि रेक्टरबाईंनी ती लिंक मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहिले होते, ‘आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.’ दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या मुलींनी उत्तरे भरली. त्यानंतर गाईडला आठवण झाली, की प्रबंधात एथिकल क्लिअरन्सचे पान जोडावे लागते. प्रकरण आमच्याकडे आले ते तेव्हा.

पीएचक्यू-९ मधले पहिले आठ प्रश्न झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मनाची उदासी अशा गोष्टींबद्दल आहेत. प्रत्येकाचे उत्तर मागच्या दोन आठवड्यांपुरते आणि ० ते ३ या मोजमापात द्यायचे. ० म्हणजे मुळीच नाही, ३ म्हणजे जवळजवळ रोज. बेरीज २७ पर्यंत जाते आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले, तर पुढे तपासणी करावी असे सहसा मानले जाते. नववा प्रश्न वेगळा आहे. आपण नसतो तर बरे झाले असते किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार येतात का, असे तो विचारतो. दवाखान्यात डॉक्टर हा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर ऐकायला तो समोर बसलेला असतो. इथे उत्तर एका शीटच्या रकान्यात जाऊन पडले होते, आणि काही मुलींनी त्या रकान्यात ३ लिहिले होते. ते लिहिले गेले त्याला आता बारा-तेरा दिवस उलटून गेले होते.

त्या विद्यार्थिनीने काय करायला हवे होते? मुली ओळखता येत नसतील, तर मदत पोहोचवायची कोणाला? आणि ओळखता येत असतील, तर पहिल्या ओळीत दिलेल्या वचनाचे काय? त्या दिवशी बैठकीत आम्ही दीड तास बोलत होतो आणि एकाही सदस्याकडे चांगले उत्तर नव्हते. याचे कारण सदस्य नालायक होते असे नव्हे. प्रश्नावली पाठवण्याआधी या पेचाला निदान तीन सरळ उत्तरे होती, पाठवल्यानंतर एकही उरले नाही. नववा प्रश्न गाळून पीएचक्यू-८ वापरता आली असती. अभ्यास आत्महत्येच्या जोखमीचा नसून लक्षणांच्या प्रमाणाचा असेल तर तेवढी पुरते. किंवा नववा प्रश्न ठेवून प्रश्नावली कागदावर, लहान गटांत, समुपदेशक शेजारच्या खोलीत असताना भरून घेता आली असती, त्याच संध्याकाळी फक्त तो एक रकाना पाहता आला असता, आणि पहिल्या ओळीत खरे तेच लिहिता आले असते: ‘तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मी अमुक एका व्यक्तीला सांगेन, बाकी कोणालाही नाही.’ निदान फॉर्मच्या शेवटी प्रत्येकीला, तिचे उत्तर काहीही असो, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देता आला असता. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. लागते ते एवढेच, की कोणीतरी आधी वाचून ‘नवव्याचे काय करणार?’ असे विचारावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तसे विचार वाढतात, याला संशोधनात आधार सापडलेला नाही. मग प्रश्न विचारण्यात धोका कुठला? हे मला मान्य आहे, आणि समितीतले काही सदस्य केवळ भीतीपोटी असे प्रश्न खोडून टाकतात तेव्हा मी त्यांच्याशी भांडतेही. पण विचारणे निरुपद्रवी आहे म्हणून विचारून निघून जाणेही निरुपद्रवी ठरत नाही. ज्या मुलीने आजवर कोणालाच सांगितले नव्हते ते तिने एकदा लिहून सांगितले आणि त्यानंतर काहीच घडले नाही, यातून तिने काय समजायचे?

दुसरा मुद्दा प्राचार्यांच्या पत्राचा. आमच्या बैठकीत गाईड ठामपणे म्हणाले, की परवानगी होती, हे बघा लेटरहेड. संस्थेत पाऊल ठेवायला ते पत्र लागतेच. पण मुलीने उत्तर द्यायला संमती दिली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत. त्यांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती लागते आणि शिवाय मुलाची स्वतःची, त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत घेतलेली तयारीही लागते. कोल्हापुरात हे पचायला जड जाते, कारण वसतिगृहांशी या गावाचे नाते जुने आणि अभिमानाचे आहे. १९०१ पासून शाहू महाराजांनी इथे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, गावोगावची मुले इथे राहून शिकली, आणि रेक्टर म्हणजे दुसरे आईबाप ही भावना त्यातूनच रुजली. ती भावना खरी आहे. पण जी बाई रात्री गेट बंद करते, घरी जायची रजा देते आणि वेळ आली तर बापाला फोन लावते, तिनेच लिंक टाकली तर ‘मी भरणार नाही’ असे म्हणायला सोळा वर्षांच्या मुलीला किती जागा उरते? ‘जवळजवळ सगळ्यांनी भरला’ हा आकडा विद्यार्थिनीने प्रतिसादाचा विजय म्हणून सांगितला. मला त्यात धोक्याची खूण दिसली.

रेक्टरच्या सहीचा इतिहास आपल्या देशात घडून गेला आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. खम्ममच्या आश्रमशाळांतील अनेक संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या, हे चौकशीत बाहेर आले आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. प्रकल्पाच्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशी करणाऱ्यांना त्यांचा लसीशी संबंध दिसला नाही आणि ती लस आज अनेक देशांत नेहमीच्या लसीकरणात दिली जाते, हे सांगितलेच पाहिजे. तरीही त्या सह्या योग्य ठरत नाहीत. शिवाय ही औषधचाचणी नव्हे, हे निरीक्षण आहे, असा प्रकल्प राबवणाऱ्यांचा बचाव होता. ‘आम्ही फक्त प्रश्न विचारतो’ हे आपल्याकडचे वाक्य त्याच घराण्यातले आहे. लस आणि प्रश्नावली यांत फरक आहे, पण ज्या मुलींचे आईबाप दूर आहेत आणि ज्यांच्या वतीने सही करायला दुसरे कोणी सहज तयार असते, त्या मुली दोन्हीकडे त्याच आहेत.

फॉर्ममध्ये नाव विचारले नव्हते, म्हणून माहिती निनावी होती, हे तिसरे समर्थन. प्रश्न वाचून पाहा. एका वसतिगृहातल्या बारावीच्या मुलींत गगनबावडा तालुक्याच्या किती असतील? त्यांत अमुक प्रवर्गाची, वडील ट्रकचालक असलेली? चार रकाने एकमेकांवर ठेवले की उरते एकच मुलगी, आणि ती कोण हे रेक्टरबाई शीट न बघताही सांगू शकतील. अमेरिकेत २००८ मध्ये एका संशोधक गटाने ‘एका खासगी विद्यापीठातील’ एका तुकडीच्या फेसबुक खात्यांची माहिती नावे काढून इतर अभ्यासकांसाठी खुली केली होती. विषयांची यादी आणि इतर खाणाखुणांवरून ते विद्यापीठ हार्वर्ड आहे हे लोकांनी काही दिवसांत ओळखले, आणि काही देशांचा त्या तुकडीत एकच विद्यार्थी होता. त्या प्रकल्पाला समितीची मंजुरी होती, हेही विसरता कामा नये. समितीने वाचले म्हणजे सगळे दिसतेच असे नाही. पण आमच्या प्रकरणात तालुका आणि प्रवर्ग कशाला हवेत, असे विचारल्यावर विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे सांगितले, की मागच्या वर्षीच्या प्रबंधात ते रकाने होते म्हणून. विश्लेषणात ती ते वापरणारही नव्हती.

वकील म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अठरा वर्षांखालील मुलींच्या प्रश्नावलीत नकोशा स्पर्शाबद्दल एखादा प्रश्न असेल आणि उत्तरातून लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे कोणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. विद्यार्थी त्यातून सुटत नाही. म्हणजे ‘सगळे गोपनीय राहील’ असे लिहून देणारा विद्यार्थी जे वचन पाळण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिलेला नाही, ते देत असतो. हे त्याला प्रश्नावली वाटण्याआधी कोणी सांगायचे?

जनावरांच्या बाबतीत असा वाद आपल्याकडे होत नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. इथल्याच एखाद्या फार्मसी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला उंदरांवर अर्काचा प्रयोग करायचा असेल तर संस्थेची नोंदणी, प्राण्यांसाठीची वेगळी समिती, त्या समितीत केंद्रीय समितीने नेमलेला सदस्य, ‘बी’ फॉर्म, किती उंदीर आणि इतकेच का याचे समर्थन, हे सगळे पहिला उंदीर पिंजऱ्यात येण्याआधी करावे लागते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम त्यामागे आहेत, त्यामुळे ‘आधी करतो, मग कळवतो’ असे कोणी म्हणत नाही. उंदरासाठी जे आपण मुकाट्याने करतो, ते मुलीसाठी करताना आपल्याला नोकरशाही आठवते.

आता विरोधकांचे जे मला खरोखर पटते ते. पहिले म्हणजे वेळ. प्रबंधाला एक सत्र असते, समिती दोन-दोन महिन्यांनी बसते, त्यात कोरम होत नाही, आणि विद्यार्थ्याचे सबमिशन कोणासाठी थांबत नाही. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण ती समितीच्या कामाच्या पद्धतीविरुद्ध आहे. प्रत्येक प्रस्तावासाठी पूर्ण बैठक बसावी असे आयसीएमआरची तत्त्वे सांगतच नाहीत. जोखीम नगण्य असेल तर तपासणीतून सूट मिळते, थोडी असेल तर काही सदस्यच तो शीघ्र पद्धतीने वाचतात, आणि त्याहून जास्त असेल तरच सगळी समिती बसते. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणारी माणसे लांबून मोजायची, दोन दुकानांच्या तांबड्या रश्श्यातला कोणता लोकांना आवडतो ते विचारायचे, वर्गात दोन अध्यापनपद्धतींची तुलना करायची, यांसारख्या कामांना ही सूट मिळू शकते. फक्त सूट आहे हे स्वतः विद्यार्थ्याने किंवा त्याच्या गाईडने ठरवायचे नसते. एक पानाचा अर्ज सदस्य सचिवाकडे जातो आणि तो ठरवतो. सिनॉप्सिस देतानाच हे पान दिले तर बहुतेक प्रबंधांचा एक दिवसही वाया जाणार नाही. ज्या महाविद्यालयात समिती नाही, त्याला दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीशी करार करता येतो. हे सगळे आजच्या नियमांत आहे आणि बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक नाही, याचा दोष मी आमच्यासारख्या समित्यांनाही देते. आम्ही अर्जाचा नमुना औषधचाचणीचा ठेवतो आणि मराठीच्या विद्यार्थ्याला त्यात ‘औषधाची मात्रा’ हा रकाना भरायला लावतो.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे: वैद्यकातले नियम समाजशास्त्रावर लादल्याने जे विचारायला हवे तेच विचारता येत नाही. करवीर, शिरोळच्या फडांवर मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कामगाराला उचलीबद्दल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेबद्दल विचारायचे आणि आधी त्याचा अंगठा घ्यायचा, हे भयंकर आहे. त्याच्या आयुष्यात अंगठ्याने आजवर कर्जच आणलेले असते. जुन्या गिरणी कामगाराच्या आठवणी नाव पुसून छापायच्या, हा तर त्याचा अपमान. अमेरिकेनेही २०१७ मध्ये नियम सुधारताना मौखिक इतिहास, पत्रकारिता आणि चरित्रलेखन यांना त्या चौकटीतून बाहेर काढले. हे सगळे मान्य करूनही मला वाटते, की इथून ‘समिती नको’ इथवर उडी मारता येत नाही. लेखी सहीऐवजी तोंडी संमती चालेल, असे समितीला ठरवता येते. तशी सोय तत्त्वांमध्येच आहे. आणि समाजशास्त्राला आपली वेगळी चौकट हवी असेल तर ती मागायला उशीर झालेला नाही. आरोग्यातील सामाजिक संशोधनासाठी अशी तत्त्वे मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच तयार झाली होती. ऊसतोड कामगाराची मुलाखत मुकादमाच्या देखत झाली तर त्याचे काय होईल, हा प्रश्न अंगठ्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो समाजशास्त्रज्ञाहून चांगला कोण विचारील?

तिसरी भीती मला सर्वांत जास्त पटते. संस्था चालवणारे आणि कारखाना चालवणारे एकच असतील, तर कारखान्याच्या कामगारांवरचा प्रबंध ‘नीती’च्या नावाखाली अडवला जाऊ शकतो. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि निम्मे सदस्य तरी बाहेरचे असावेत, हा नियम म्हणूनच आहे. पण बाहेरचा अध्यक्ष संचालकांचा व्याही असेल तर नियम काय करणार? यावर मी एवढेच सुचवू शकते, की नकार लेखी मागावा आणि त्यात सहभागी माणसाला होणारी कोणती इजा समितीला दिसली ते लिहून घ्यावे. ‘संस्थेच्या प्रतिमेला बाधा’ असे कारण आले तर ते नीतीचे कारण नव्हे, हे मी बैठकीतही सांगितले आहे आणि दोनदा एकटी पडले आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रकरणाचा शेवट सांगायचा राहिला. गाईडने सुचवले, की मंजुरीचे पत्र दोन महिने मागच्या तारखेचे द्यावे, सगळीकडे असेच चालते. सदस्य सचिवांनी नकार दिला. झालेल्या गोष्टीला मंजुरी देण्याचा अधिकार समितीला नाही, आणि ज्या दिवशी आम्ही प्रस्ताव पाहिलाच नव्हता त्या दिवशीची सही ही वकिलाच्या भाषेत सरळ बनावट कागद ठरली असती. मग विद्यार्थिनीने, रडवेल्या आवाजात, विचारले की या शीटचे आता करायचे काय. ठरले ते असे. नववा रकाना आणि ओळख पटवणारे चार रकाने असलेली मूळ प्रत फक्त समुपदेशकाच्या ताब्यात गेली. समुपदेशकाने त्याच आठवड्यात कोणा एकीला वेगळे न काढता वसतिगृहातल्या सगळ्याच मुलींशी गटागटाने बोलणे केले आणि नंतर ज्या स्वतःहून आल्या त्यांना वेळ दिला. प्रबंधासाठी त्या उत्तरांचा उपयोग करायचा नाही असे विद्यार्थिनीने लिहून दिले. नव्या प्रस्तावात नववा प्रश्न राहिला, तालुका आणि प्रवर्ग गेले, पालकांची संमतीपत्रे दिवाळीच्या सुटीत मुलींबरोबर घरी गेली आणि प्रश्नावली रेक्टरबाईंच्या ऐवजी विद्यार्थिनीने स्वतः, त्यांच्या गैरहजेरीत, कागदावर वाटली. या वेळी बऱ्याच मुलींनी कोरा कागद परत दिला. सबमिशन एक सत्र पुढे गेले आणि व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, की प्रतिसाद इतका कमी कसा.